वैती बाईंना मेसेज

“आता त्यांना काय लिहायचं? ‘प्रगतीस वाव आहे’?”

स्टाफरूममध्ये फिल्टरच्या नळाखाली बाटली धरून देसाई बाई म्हणाल्या आणि दोघीतिघी हसल्या. दुष्टपणाने कोणी हसलं नाही. सोमवारची सकाळ होती, प्रार्थनेची घंटा व्हायची होती, आणि आमच्यातली जी नापास झाली होती ती अजून आलेली नव्हती. देसाई बाईंनी शनिवारीच स्टाफच्या ग्रुपवर ‘प्रयत्न सोडू नका, यश तुमचेच आहे’ असं हात जोडलेल्या चित्रासकट पाठवलं होतं. त्याखाली अकरा जणींनी त्याच वळणाचं काही ना काही पाठवलं. ज्यांच्यासाठी पाठवलं त्या वैती बाईंनी सगळं वाचलं होतं आणि एकीलाही उत्तर दिलं नव्हतं.

मी वह्यांच्या गठ्ठ्याआड बसले होते. मला हसू आलं नाही. मी पुढची वही उघडली. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना जे पाठवलं होतं ते ग्रुपवरच्या बाराही मेसेजपेक्षा वाईट होतं, आणि हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं.

वैती बाई आमच्या शाळेत एकवीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या. ठाण्यातली जुनी अनुदानित मराठी शाळा आमची, पटसंख्या दर वर्षी थोडी थोडी उतरणारी. बाई बाळकुमच्या. त्यांच्या घरातल्यांची तीन पिढ्यांची खाडीवर मासेमारी, आणि घरात शिकून नोकरीला लागलेल्या या पहिल्याच. गावठाणातल्या त्यांच्या घराभोवती आता सगळीकडून टॉवर उभे आहेत. “आधी आमच्या ओट्यावरून खाडी दिसायची,” त्या सांगायच्या. “आता खाडीतून आमचं घर दिसत नाय.”

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. अंबाड्यात गजऱ्याऐवजी पेन्सिल खोचलेली. लाल पेन त्या वापरत नसत, कारण लाल खूण घरी नेलेल्या वहीतसुद्धा लांबून दिसते, आणि घरात भांडण सुरू करायला तेवढी पुरते. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी नेटकी. फोनवर बहिणीशी बोलायला लागल्या की तीच बाई वेगळ्या सुरात, दुप्पट वेगाने बोलायची. आठवड्यातून दोनदा डब्यात सुकट. त्या दिवशी त्या आपण होऊन खिडकीजवळ बसत. देसाई बाई पदर नाकाला लावत. वैती बाई शांतपणे म्हणत, “वास तुमचा, चव माझी.”

मी डोंबिवलीची. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजी माध्यमात. डी.एड. करून तीन वर्षांपूर्वी इथे इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी मला घाम फुटायचा. बोलायला तर त्याहून. स्टाफरूममध्ये मी गप्प असायची म्हणून मला शिष्ट ठरवलं गेलं. वैती बाईंनी एकदा सगळ्यांसमोर निकाल दिला, “ही शिष्ट नाय. ही मनात भाषांतर करते. थांबा तिच्यासाठी.” त्यानंतर त्या खरोखर थांबायच्या. मी वाक्य जुळवेपर्यंत त्या कपबशी पुसत बसत.

मराठी लिहायला मी शिकले ती प्रगतिपुस्तकांमुळे. प्रत्येक मुलासमोर तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. चाळीस मुलं, तीन तीन नोंदी. या नोंदींच्या तयार याद्या फोनवर फिरत असतात आणि बहुतेक जणी त्यातूनच उतरवतात. मीही उतरवल्या. बाईंनी माझं एक पुस्तक उघडलं, वाचलं आणि विचारलं, “यात ती कुठाय?”

“कोण?”

“ही पोरगी. नाव झाकलं तर कोणाचं पुस्तक आहे ते कळेल का?”

कळलं नसतं. ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ हे मी सतरा मुलांना लिहिलं होतं. बाई ओरडल्या नाहीत. अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि माझ्या एका वाक्यातल्या ‘पण’ या शब्दाभोवती गोल केला. ‘वाचन चांगले आहे पण अक्षर सुधारावे.’ त्या म्हणाल्या, “पणच्या मागचं कोणी वाचत नाय. पोर पणच्या पुढचंच घरी नेतं.” त्या वर्षी मी चाळीस पुस्तकं पुन्हा लिहिली. आठ दिवस लागले.

त्यांची खरी कसोटी लागायची ती नापास झालेल्या मुलांपाशी. अंकिता नावाची मुलगी तिसरीत त्यांच्याकडे होती. पुढे पाचवीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली आणि अपात्र ठरली. पात्र मुलांची नावं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दाराजवळच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहून घेतली. अंकिता दोन दिवस त्या दाराने आलीच नाही, मागच्या फाटकातून आत यायची. तिला खूप जणांनी समजावलं. वैती बाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना, मुलं दप्तरं भरत असताना, त्यांनी घडी घातलेला एक कागद तिच्या वहीत सरकवला. मी तेव्हा शेजारीच होते. त्यात एवढंच होतं:

‘अंकिता, तू काढलेला जिल्ह्याचा नकाशा यंदाच्या मुलांनाही दाखवते आहे. तलावांची नावं तुझ्याच अक्षरात आहेत.’

मी विचारलं, निकालाबद्दल काहीच नाही?

“निकाल तिला कळलाय,” बाई म्हणाल्या. “मी परत सांगून काय करू, दोनदा नापास करू?”

मग रिक्षाच्या रांगेत उभं असताना त्यांनी मला बाकीचं सांगितलं, कांद्याचा भाव सांगावा तसं. लगेच लिहायचं नाही, पहिले दोन दिवस लोक येऊन पडतच असतात. सगळ्यांसमोर द्यायचं नाही. वाचल्यावर लगेच शाळा सुटली पाहिजे, म्हणजे तोंड लपवायला घर असतं. प्रश्न विचारायचा नाही, कारण मग उत्तर द्यावं लागतं आणि त्या दिवशी पोराकडे उत्तर नसतं. पुढच्या वर्षाचं बोलायचं नाही. आणि जे लिहायचं ते खरं पाहिजे, आज खरं असलेलं. नकाशा खरंच भिंतीवर होता.

हे सगळं माहीत असून मी शुक्रवारी जे केलं ते केलं.

नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागणार, असा निर्णय आला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. माझी आधीच झाली होती, तिच्याशिवाय मला नोकरीच मिळाली नसती. देसाई बाईंना चारच वर्षं उरली होती, त्या सुटल्या. वैती बाईंना नऊ उरली होती.

शाळा सुटल्यावर त्यांच्याच वर्गात, तिसरीच्या बुटक्या बाकांवर बसून आम्ही अभ्यास करायचो. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, पाच भाग. इंग्रजीचा भाग मी घ्यायची. तिथे त्या विद्यार्थिनी म्हणून नमुनेदार होत्या, दिलेलं पाठ करून यायच्या. गणितात त्या मला शिकवतील अशा. उत्तरपत्रिकेवरचे गोल काळ्या पेनाने भरायचा सराव त्यांनी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर केला. गोल अगदी सुबक यायचे.

अडायचं ते बालमानसशास्त्रात. म्हणजे ज्यात त्यांची एकवीस वर्षं गेली त्यात. मी प्रश्न वाचायची: एखादं मूल वर्गात अजिबात बोलत नसेल तर शिक्षकाने काय करावे? पालकांना बोलवावे, पुढच्या बाकावर बसवावे, समुपदेशकाकडे पाठवावे, गटकार्यात घ्यावे.

“चारही नाय,” बाई म्हणायच्या. “आधी आठवडाभर काहीच करायचं नाय. बघायचं फक्त.”

“बाई, तसा पर्याय नाहीये.”

“मग प्रश्न चुकलाय.”

मी त्यांना परत परत सांगितलं, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. येत नसेल तरी काहीतरी भरायचं, रिकामं ठेवायचं नाही. त्या मान हलवायच्या. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मला दाखवली. नऊ ओळी रिकाम्या होत्या. वेळ पुरला नाही म्हणून नाही, त्या पंधरा मिनिटं आधी मोकळ्या झाल्या होत्या. “माहीत असून खोटं कसं भरू गो?” एवढंच म्हणाल्या. उत्तरसूची जाहीर झाल्यावर ताडून बघायलाही त्यांनी नकार दिला. तपासायचं काम त्यांचं, म्हणाल्या.

निकाल शुक्रवारी संध्याकाळी लागला. बाईंनी आपला बैठक क्रमांक मला देऊन ठेवला होता, आधी तू बघ म्हणून. मी घरी होते. एकोणऐंशी. पास व्हायला त्यांच्या प्रवर्गाला त्र्याऐंशी हवे होते.

मी दोन मिनिटंही थांबले नाही. मला वाटलं उशीर केला तर त्यांना वाईट बातमी दुसऱ्या कोणाकडून कळेल. मी लिहिलं:

‘बाई, निकाल लागला. ७९ आहेत, फक्त चार कमी पडले. पण काळजी करू नका. ते नऊ रिकामे सोडले नसते तर झालं असतं. पुढच्या वेळी आपण नीट प्लॅनिंग करू. तुम्ही नक्की पास व्हाल! तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही. कशा आहात?’

खाली दोन निळ्या खुणा आल्या. मग ‘टायपिंग’ असं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, आणि गेलं ते गेलं.

शनिवारी बाई शाळेत नव्हत्या. सोमवारी नव्हत्या. मोठ्या बाईंनी मला तिसरीवर पाठवलं. मुलांनी विचारलं, बाई कधी येणार, आणि मी मनातल्या मनात भाषांतर करत उभी राहिले. दुपारी मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की वैती बाईंचा फोन आला होता. त्या रजेचा अर्ज आणून देणार आहेत, वर्ष संपेपर्यंतची रजा, आणि पुढे बहुधा राजीनामाच. मार्च यायचा होता. चाळीस मुलांचं वर्ष अर्धवट टाकून वैती बाई जातील यावर माझा विश्वास बसेना. त्यांना वर्गात उभं राहायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेत मी मोजून दाखवलेले चार गुण आणि नऊ रिकामे गोल होते.

सोमवारी संध्याकाळी मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दुसरा मेसेज लिहायला घेतला. आई भाजी निवडत होती. आधी माझा शुक्रवारचाच मेसेज मी पुन्हा वाचला, त्यांच्यासारखी पेन्सिल घेऊन वाचावा तसा. आठ वाक्यं. आकडा त्यांना सांगितला तो सांगितला, वर तो किती कमी आहे तेही सांगितलं. ‘पण’ होतं. चूक दाखवली होती. पुढचं वर्ष होतं. शेवटी प्रश्न होता. थोडक्यात, मी त्यांचा पेपर तपासून घरी पाठवला होता, लाल पेनाने.

नवीन मेसेजची सुरुवात मी माफीने केली आणि ती पाच ओळी झाली. वाचून बघितलं तर त्यात मीच मी होते. ‘मला दोन दिवस झोप नाही’ असं लिहिलं होतं. ते काढलं, नाहीतर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं. ‘परीक्षेने काही ठरत नाही’ हे काढलं, कारण ते खोटं होतं. याच परीक्षेने त्यांची नोकरी ठरणार होती. ‘मुलं तुमची आठवण काढतात’ हे खरं होतं, ते बराच वेळ ठेवलं. मग वाटलं, हे ऐकून त्या मुलांसाठी येतील, आणि न आल्या तर मुलांचे अपराधी ठरतील. तेही काढलं. मला कळेना की मग उरतं काय.

आईने विचारलं, उद्या डब्याला काय देऊ. आणि मला कळलं काय उरतं. तीन वर्षं बाई मला सुकट देऊ करत होत्या आणि तीन वर्षं मी हसून नको म्हणत होते. आमच्या घरी मासळी नाही. मी आईला म्हटलं, नुसता भात दे. आई म्हणाली, आजारी आहेस का?

मेसेज असा गेला:

‘बाई, शुक्रवारी मी चुकीचं लिहिलं. उद्या डब्याला नुसता भात आणतेय, सुकट तुमची. उत्तर लिहू नका.’

निळ्या खुणा आल्या. ‘टायपिंग’ आलं नाही. मी फोन उलटा ठेवला.

मंगळवारी प्रार्थनेला त्या नव्हत्या. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तिसरीच्या वर्गात गेले आणि बुटक्या बाकावर बसले. स्टाफरूममध्ये एकटीने भात खायची हिंमत नव्हती. दहा मिनिटं गेली असतील. वैती बाई मागच्या फाटकाच्या बाजूने आल्या. पिशवी खांद्याला, पेन्सिल अंबाड्यात. समोर बसल्या, स्टीलचा छोटा डबा उघडला आणि माझ्या भातावर सुकट वाढली.

“तिखट आहे. हळू खा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानेही असेल. त्या माझ्याकडे न बघता जेवत होत्या. डबा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, “सगळ्यांनी उठा उठा केलं. तू एकटीने बस म्हटलंस.”

पिशवीतून त्यांनी अर्ज काढला, वाचला, घडी घालून परत ठेवला. हे वर्ष पुरं करते, म्हणाल्या. घंटा झाली. मुलं आत आली आणि त्यांना बघून नुसती ओरडली. बाईंनी फळा पुसायला घेतला.

मला वाटलं, जिंकलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी इंग्रजीची नवी पुस्तकं आणली. त्यांनी ती चाळली, चांगली आहेत म्हणाल्या, आणि माझ्याच पिशवीत ठेवली. आपण परत परीक्षेला बसणार नाही हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. प्रश्न परत तसेच येतील आणि मी परत तशीच असेन, म्हणाल्या. एकदा वाटलं होतं की भरावेत ते गोल, काय जातंय. मग वाटलं, उद्या वर्गात एखादं पोर गप्प बसलं तर मला ते गोल दिसतील. त्यांचं सांगून झालं होतं. माझ्याकडे खूप वाक्यं होती, एकही तयार होईना, आणि या वेळी मी जुळवेपर्यंत त्यांना थांबायचं नव्हतं. दोन वर्षांची मुदत संपायच्या आधीच त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. सक्तीने जाण्यापेक्षा आपल्या पायांनी.

एप्रिलमध्ये त्यांनी चाळीस प्रगतिपुस्तकं लिहिली. मी माझी लिहीत शेजारी बसायची. एकमेकींना नावं झाकून वाचून दाखवायचो आणि मूल ओळखायचो. त्यांचं प्रत्येक मला ओळखता आलं. माझी त्यांना सहा ओळखता आली नाहीत, ती मी पुन्हा लिहिली.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले. समारंभ नको असं त्यांनी बजावलं होतं, तरी स्टाफरूममध्ये शाल-नारळ झालंच. मोठ्या बाई चार वाक्यं बोलल्या. देसाई बाईंना बोलायचं होतं, त्यांना रडू फुटलं, आणि वैती बाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला कोणी बोलायला सांगितलं नाही. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत होता.

माझ्या फोनमध्ये सकाळपासून एक मेसेज लिहून तयार होता. त्या घरी पोचल्यावर पाठवायचा होता. तीन वाक्यं. ‘पण’ नाही, प्रश्न नाही, पुढचं काही नाही, सगळं खरं. त्यांच्या पद्धतीने लिहिलेलं माझं सगळ्यात चांगलं मराठी.

फाटकाशी रिक्षा उभी होती. मी त्यांच्या दोन पिशव्या आत ठेवल्या. एकवीस वर्षांचं सामान दोन पिशव्यांत मावलं होतं. बाई आत बसल्या, शाल मांडीवर घेतली, घड्याळाची तबकडी बघितली. उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या दमलेल्या दिसल्या. मला डोंबिवलीला जायचं होतं, म्हणजे नेमकं उलट्या दिशेला. “जा गो आता,” त्या म्हणाल्या, “ऊन लागेल.” आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “चला.”

घर गाठेपर्यंत त्या एकट्या असणार होत्या, आणि त्यानंतर मग माझी तीन चांगली वाक्यं त्या एकट्याच वाचणार होत्या. रिक्षा सुरू झाली. मी दांडा धरला.

“बाई, जरा सरका,” मी म्हणाले. “मी बाळकुमपर्यंत येतेय.”